आठ ब्रास वाळू

हजार चौरस फुटांचं, जांभ्या चिऱ्याचं, वर स्लॅब घातलेलं साधं घर बांधायला साधारण आठ ब्रास वाळू लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पाच इंची स्लॅबला पावणेदोन ब्रास जाते. पाया, कॉलम, बीम, लिंटेल यांना मिळून दोन. चिऱ्यांच्या सांध्यांत पावणेदोन, आतबाहेरच्या गिलाव्याला तेवढीच किंवा थोडी जास्त, आणि उरलेली लादीखाली. कुडाळ-मालवण पट्ट्यात घरांची एस्टिमेटं करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा हिशोब मला तोंडपाठ आहे. डंपरमध्ये दोन ते तीन ब्रास मावते. म्हणजे एका घरासाठी तीन-चार खेपा.

या तीन-चार खेपा कुठून येतात, हे घर बांधणाऱ्याने विचारावं की नाही, आणि विचारलं नाही तर त्याच्या पदरात किती दोष पडतो, हा प्रश्न माझ्यापुढे कामानिमित्त सतत असतो. यंदा तो घरातूनच आला. माझा मावसभाऊ मालवण तालुक्यात खाडीकाठच्या गावात घर बांधतोय. एस्टिमेट मीच करून दिलं होतं. जोत्यापर्यंतचं काम झालं, तीन ब्रास वाळू संपली, आणि मी जागेवर गेले तेव्हा एस्टिमेटातल्या वाळूच्या ओळीपुढे पावती नव्हती, गाडीचा सरकारी वाहतूक पासही नव्हता. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "पास कित्याक व्हयो? वाळू बरी असा मां?"

वाळू खरंच चांगली होती. जाडसर, स्वच्छ, हातात धरली तर टोचणारी. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट लागली. मुठीत दाबून सोडल्यावर तळव्यावर शिंपल्याचे बारीक चुरे राहिले. नदीच्या वरच्या अंगाच्या वाळूत शिंपला नसतो. ही खाडीची वाळू होती, आणि गोड्या पाण्यात पुरेशी धुतलेलीही नव्हती. तशीच्या तशी सळईभोवती घातली तर मीठ लोखंडाला गंज धरायला लावतं, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबच्या खालच्या अंगाचे पापुद्रे सुटायला लागतात. पण तो माझ्या धंद्यातला मुद्दा झाला. मला त्या वाळूबद्दल वेगळंच बोलायचं होतं.

आमच्या खाड्यांतून वाळू दोन प्रकारे निघते. एक हातपाटीने. होडी खाडीत उभी करायची, एकाने पाण्यात बुडी मारून तळाची वाळू पाटीत किंवा लोखंडी बादलीत भरायची, वरच्याने ओढून होडीत ओतायची. यात माणसाच्या छातीतल्या श्वासाएवढाच वेग असतो. म्हणूनच सरकार हातपाटीला परवाना देतं. गट ठरवून, किती ब्रास काढायची ते ठरवून, स्वामित्वधन भरून घेऊन. दुसरा प्रकार सक्शन पंपाचा. तराफ्यावर डिझेलचं इंजिन, त्याला जाड पाइप, पाइपाचं तोंड तळाशी. पाणी आणि वाळू एकदमच वर खेचली जाते, पाणी गाळून खाली सोडतात, वाळू उरते. बुडी मारणाऱ्यांना जे काम दिवसभर पुरतं ते पंप थोड्या वेळात उरकतो. असल्या पंपाला परवाना नसतो, म्हणून तो रात्री लागतो. काठावर झाडी तोडून, माती भरून गाडी उतरण्यासाठी रॅम्प केलेला असतो. पहाटेपर्यंत गाड्या भरून निघून जातात.

पंपाने तळाला जो खड्डा पडतो तो तिथेच राहत नाही. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. घाटातून निघून एका दिवसात समुद्राला मिळणाऱ्या. त्या पावसाळ्यात जेवढी वाळू आणतील तेवढीच भर पडते. त्याहून जास्त उपसली की खड्डा भरून काढायला आजूबाजूचा तळ आणि काठाची माती घसरत येते. माडांची रांग असलेला काठ आधी खालून पोखरतो, मग एका पावसाळ्यात दोन-तीन माड मुळासकट आडवे होतात. तळ खोल झाला की भरतीचं खारं पाणी पूर्वीपेक्षा आत, वरच्या गावापर्यंत चढतं. काठच्या विहिरी मचूळ होतात. खारजमिनीचे बांध, ज्यांच्यामागे शेती होते, ते पायथ्याशी सुटायला लागतात. एकदा बांध फुटून मीठ शेतात शिरलं की ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात.

भावाच्या शेजारच्या काकी ओहोटीला, म्हणजे सुकतीला, तिसरे हे खाण्याचे शिंपले काढायला जातात. तिसरे वाळूतच राहतात. वाळू गेली की त्यांचं घर गेलं. काकी मला म्हणाल्या, "सुकती इली काय पाटीभर तिसरे मेळत. आता थय पाय घालूक भिती वाटता, मधीच खड्डो असता." त्यांच्या या वाक्यात नुकसानीचा सगळा पंचनामा आला. भाऊ तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली नाही, वर करून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ताय, खाडी आमची. आज्यान ह्याच खाडीत होडी चालवल्यान. आता घराक वाळू घेतलंय तर मी चोर कसो?"

हा युक्तिवाद मला उडवून लावावासा वाटत नाही. खाडीकाठच्या माणसाला खाडी आपली वाटते ती काही सातबाऱ्यामुळे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्याने तिथून मासे, तिसरे, चिखल, लाकूड आणि घरापुरती वाळू आणली आहे. शहरात बसून ठरवलेल्या कायद्याने ते एका रात्रीत चोरी ठरवलं तर राग येणारच. पण भावाच्या जोत्यात गेलेली वाळू त्याने होडीने आणलेली नव्हती. त्याने ती विकत घेतली होती, अशा माणसाकडून ज्याचा या खाडीशी संबंध फक्त पंपाच्या पाइपापुरता आहे. "खाडी आमची" हे वाक्य काकींच्या तोंडी खरं होतं. खरेदीदाराच्या तोंडी ते आलं की त्याचा अर्थ "आमची आहे, म्हणून तिऱ्हाइताने तिची चोरी केली तरी चालेल" असा होतो, आणि तेव्हा काकींचा वाटा कोण मोजणार?

कायद्यात ही चोरीच आहे, आणि हे फार लोकांना ठाऊक नसतं. आपल्याकडे समज असा की विनापरवाना वाळू म्हणजे महसुलाची भानगड. तहसीलदार येणार, गाडी धरणार, दंड होणार, सुटणार. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये ते आहेच, बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती. पण ४ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सरकार विरुद्ध संजय या प्रकरणात स्पष्ट केलं की खाणकायदा मोडल्याचा गुन्हा वेगळा आणि चोरीचा गुन्हा वेगळा. नदीतली वाळू परवानगीशिवाय उचलणाऱ्यावर चोरीचा गुन्हाही चालू शकतो. त्यामागचा विचार साधा आहे. जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नसते, म्हणून तिची चोरी होत नाही. पण ती जमिनीपासून सुटी केली की त्या क्षणी ती जंगम होते. तळाची वाळू बादलीत आली की ती चोरीला जाऊ शकणारी वस्तू झाली, आणि ती सगळ्यांच्या वतीने सरकारच्या ताब्यातली आहे.

आता चोरी म्हटली की चोरीचा माल घेणाराही आला. जुन्या दंडसंहितेत ते कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१७ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर. प्रत्यक्षात वाळू वापरणाऱ्या घरमालकावर हे कलम लागल्याचं मी माझ्या भागात पाहिलेलं नाही. कारवाई गाडीवर होते, होडीवर होते, आणि सगळ्यात आधी बुडी मारणाऱ्या मजुरांवर होते. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडाकडून आलेली ही पोरं काठावर झोपड्यांत राहतात, ब्रासवर मजुरी घेतात, आणि धाड पडली की झोपडी त्यांची मोडते. पंपाचा मालक तिथे नसतो, आणि वाळूचा मालक, म्हणजे ज्याच्या अंगणात ती पडणार आहे तो, घरी झोपलेला असतो.

मला यातला "मानायला कारण असताना" हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. संशय आणि कारण यांत कायदा फरक करतो. नुसतं मनात आलं म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. कुणाही शहाण्या माणसाने ज्यावरून ओळखलं असतं अशा खुणा समोर असाव्या लागतात. म्हणून खुणा कोणत्या ते पाहायला हवं. वाळू रात्री येते, ही एकटी खूण पुरेशी नाही, कारण परवान्याची गाडीही उशिरा पोचू शकते. पण गाडीच्या फाळक्यातून पाणी गळत असेल तर वाळू नुकतीच उपसलेली आहे, आणि पहाटे पाच वाजता नुकती उपसलेली वाळू म्हणजे रात्री उपसलेली वाळू. रात्री उपसा कुणालाच करता येत नाही. पावसाळ्यात उपसा बंद असतो, तरी ऑगस्टमध्ये ओली वाळू आली तर तेही उत्तर समोरच आहे. नंबरप्लेट चिखलाने माखलेली. गाडी अंगणात न येता रस्त्यालगत ओतून पाच मिनिटांत गेलेली. पैसे रोख. आणि पास मागितला की "नंतर देतंय".

पास दाखवला तरी काम संपत नाही. गौण खनिजाचा वाहतूक पास सरकारच्या महाखनिज प्रणालीतून निघतो. त्यावर गाडीचा नंबर असतो, कुठून कुठे, किती ब्रास, आणि किती वाजेपर्यंत वैध, हेही असतं. या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे एकाच पासावर दिवसभरात तीन-चार खेपा मारणं. खेप पोचायच्या आत धरली गेली तर पास दाखवायचा, नाही धरली तर तोच पुढच्या खेपेला. म्हणून पास हातात आला की तीनच गोष्टी बघायच्या: नंबर समोरच्या गाडीचा आहे का, वेळ अजून संपलेली नाही ना, आणि ब्रास पासावर दोन असताना गाडीत तीन नाहीत ना. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. चष्मा लावून कागद वाचावा लागतो.

भावाच्या बाबतीत यातल्या चार खुणा होत्या, आणि त्याने ते मान्य केलं. त्याने कारण सांगितलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. मी धरून चालले होते की पैसे वाचवले असतील. हिशोब केला: पासाच्या वाळूपेक्षा त्याला ब्रासमागे दोन हजार कमी पडले होते. आठ ब्रासला सोळा हजार. पंधरा लाखांच्या घरात ही रक्कम एक टक्का. दरवाजाच्या लाकडात तो याहून जास्त सोडून देतो. त्याला पैशांनी नव्हे, तारखेने ढकललं होतं. गवंडी चार दिवस रिकामा, मे संपत आलेला, मिरगाच्या आधी जोतं वर यायला हवं, आणि परवान्याची वाळू "पुढच्या आठवड्यात".

सरकारी बाजूने जे ठरतं आणि गावात जे पोचतं त्यात इथे मोठी दरी आहे. २०२३ मध्ये सरकारने वाळू डेपो काढून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरवलं, वाहतूक वेगळी. २०२५ मध्ये धोरण पुन्हा बदललं आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रास मोफत द्यायचं ठरलं. कागदावर दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण ज्या बाईचं घरकुल मंजूर आहे, मूळ अनुदान एक लाख वीस हजार आहे आणि पुढचा हप्ता काम अमुक पातळीला आल्याशिवाय निघणार नाही, तिच्या दारात मोफत वाळू वेळेवर उतरली नाही तर ती रात्रीची खेप घेणार. तिला मी माझ्या भावाच्या रांगेत उभी करणार नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, आणि तो नसण्याला जे जबाबदार आहेत त्यांच्याकडे तिच्या वाट्याचा बराचसा दोष जातो. भावाकडे रस्ता होता. थोडा लांबचा, थोडा महाग, पण होता.

सगळ्यात वाईट वाटतात ते मटेरियलसकट ठेका देणारे. समुद्राकाठी पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा मालक ठेकेदाराला चौरस फुटाचा दर ठरवून देतो आणि मुंबईला निघून जातो. वाळू कुठली, चिरा कुठल्या खाणीचा, यातलं काही त्याला कळत नाही, कारण कळणार नाही अशीच व्यवस्था त्याने केलेली असते. त्याच्यासमोर खुणा आल्याच नाहीत, असं कायद्याच्या भाषेत तो म्हणू शकेल. मला ते पटत नाही. रात्री उठून ओल्या गाडीकडे बघणाऱ्या माझ्या भावाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक होतं. ज्याने ठाऊक होण्याचीच वाट बुजवली, आणि तेही तीस-चाळीस ब्रासच्या कामासाठी, त्याचा दोष अज्ञानामुळे कमी होत नाही. विचारणं ज्याला परवडतं आणि तरी जो विचारत नाही, त्याच्यावर मी जास्त भार टाकते.

सरकारी कामांतही एक पळवाट आहे, तीही सांगायला हवी. ठेकेदाराने वाळूच्या स्वामित्वधनाच्या पावत्या दिल्या नाहीत तर तेवढी रक्कम त्याच्या बिलातून कापून घेतात. वसुली झाली, हिशोब बसला. पण वाळू कुठल्या तळातून, कुठल्या तऱ्हेने आली, हे त्या कापलेल्या रकमेने कधीच विचारलेलं नसतं. सरकारचा पैसा परत आला आणि खाडीचा खड्डा तसाच राहिला. त्यामुळे "पैसे भरून टाकले की झालं" हे खासगी घरमालकाला समजावणंही अवघड होऊन बसतं.

भावाचं शेवटचं म्हणणं होतं ते सगळेच म्हणतात: मी नाही घेतली तर दुसरा घेईल, वाळू तर निघालेलीच आहे. यावर मी त्याच्याशी बराच वेळ बोलले, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. चोरीचा मोबाइल घेणाऱ्यापाशी हा युक्तिवाद थोडा तरी टिकतो. मोबाइल आधीच चोरलेला असतो; घेणारा नंतर येतो. त्याच्या खरेदीने पुढच्या चोरीला बळ मिळतं, पण ही चोरी त्याच्यासाठी झालेली नसते. वाळूचं उलट आहे. पंपवाल्याला वाळू साठवून ठेवता येत नाही, ढीग दिसला की पंचनामा होतो. म्हणून तो आधी फोन करतो. "गाडी कधी टाकू?" चार घरांनी होकार दिला की त्या रात्रीपुरतं डिझेल आणलं जातं, माणसं बोलावली जातात आणि इंजिन सुरू होतं. म्हणजे माझ्या भावाने "शुक्रवारी टाक" म्हटलं तेव्हा त्याच्या जोत्यातली वाळू खाडीच्या तळाला होती, काकींच्या तिसऱ्यांखाली होती. चोरी त्या वाक्यानंतर झाली. अशा खरेदीदाराला नुसता "चोरीचा माल घेणारा" म्हणणं मला अपुरं वाटतं. त्याने मागणी नोंदवून चोरी करवून घेतली. हजार घरांत वाटली गेली म्हणून ती जबाबदारी पातळ होत नाही, कारण त्याच्या तीन ब्राससाठी पंप किती वेळ चालला हे वेगळं मोजता येतं, आणि तेवढा वेळ पूर्णपणे त्याचा आहे.

भाऊ गप्प झाला. मग त्याने विचारलं की स्लॅबला काय वापरू.

मी क्रश सँड सांगितली. काळा दगड क्रशरवर फोडून, चाळून केलेली वाळू. नीट धुतलेली, बारीक धूळ काढलेली असेल तर काँक्रीटला ती उत्तम. खाडीच्या खारट वाळूपेक्षा सळईला कितीतरी सुरक्षित. गिलाव्याला गवंडी कुरकुरतात, कारण कण टोकदार असतात आणि थापीखाली ती गुळगुळीत फिरत नाही. त्यासाठी जास्त चाळलेली वेगळी मिळते. पण हेही त्याला सांगितलं की क्रश सँड म्हणजे सुटका नव्हे. तो दगड कुठल्या तरी डोंगरातून येतो, त्या डोंगराखाली कुणाचं तरी घर आहे, सुरुंगाचे हादरे त्याच्या भिंतीला बसतात, क्रशरची धूळ त्याच्या काजूच्या मोहोरावर बसते. त्या दगडालाही परवाना लागतो, त्या गाडीलाही पास लागतो, आणि तिथेही चारच्या जागी सहा ब्रास भरतात. फरक एवढाच की तिथे दिवसाउजेडी जाऊन खाण बघता येते, विचारता येतं. भाऊ गेला, खाण बघून आला, पासाचा फोटो मला पाठवला. नंबर जुळत होता, वेळ जुळत होती. स्लॅब मिरगाआधी झाला नाही. जोतं ताडपत्रीखाली राहिलं, पावसाळा गेला, आणि काम दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. गवंडी मधल्या काळात दुसरीकडे गेला आणि परत येताना दर वाढवून आला.

जोत्यातल्या तीन ब्रासचं काय, हे मात्र सुटलेलं नाही. चोराला जी मालकी नाही ती त्याने विकली तरी घेणाऱ्याला मिळत नाही, हे विक्रीच्या कायद्याचं जुनं तत्त्व. मोबाइल असता तर परत देता आला असता. सिमेंटमध्ये कालवलेली वाळू परत देता येत नाही. भाऊ म्हणाला, स्वामित्वधन आणि दंड काय होईल तो भरतो. मी नाही म्हटलं नाही, पण तो पैसा काकींपर्यंत जाणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. गावाने रॅम्पविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला आहे, अर्ज दिले आहेत, आणि प्रत्येक वेळी विचारणा अशी येते की उपसा कोण करतं, वाळू कुठे जाते, पुरावा द्या. काकींना रात्रीचा इंजिनाचा आवाज ऐकू येतो, चेहरे दिसत नाहीत. मजूर बोलू शकत नाहीत. सगळी साखळी फक्त खरेदीदाराने पाहिलेली असते. फोन कुणाचा आला, दर काय ठरला, गाडी कुठली, रॅम्प कुठला, पैसे कुणाच्या हातात दिले. आणि तोच बोलत नाही, कारण बोलला की त्याचं स्वतःचं नाव पहिलं येतं. या धंद्याला खरं संरक्षण यातूनच मिळतं. प्रत्येक खेपेबरोबर पंपवाला फक्त पैसे घेत नाही, एक साक्षीदार कायमचा गप्प करून घेतो.

हे भावाला सांगताना मला त्याची भीतीही दिसत होती, आणि ती खोटी नव्हती. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर वाळूउपसा अडवायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला होता. त्या ओळखीच्या, शहरात पाठबळ असलेल्या. माझा भाऊ खाडीपासून दोनशे पावलांवर म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. त्याने एकट्याने जाऊन जबाब द्यावा असं मी त्याला म्हणू शकले नाही. पण त्याच्या वाडीत गेल्या काही वर्षांत आणखी सात घरं उभी राहिली आहेत, आणि त्या सातांच्या वाळूचा हिशोब मी एस्टिमेट न करताही सांगू शकते. आठ घरांनी मिळून एका कागदावर तारखा, गाड्यांचे नंबर आणि रॅम्पची जागा लिहून दिली तर कुणाच्या एकट्याच्या दारात कुणी येणार नाही. निदान येणं अवघड होईल. दंड आठांना पडेल, तो भरावा लागेल, हेही मी लपवलं नाही.

त्याने त्यातल्या तिघांशी बोलून बघितलं. एक तयार आहे. एकाने विचारू नको म्हणून सांगितलं. तिसरा वाळू अजून घेतोय, त्याचा वरचा मजला चाललाय. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे आणि भावाने अजून हो म्हटलेलं नाही. गाड्यांचे नंबर मात्र त्याने त्याच्या घरबांधणीच्या वहीत, सिमेंटच्या हिशोबाखाली, आठवतील तसे लिहून काढलेत.